थेंब दिले, मग सुई कशाला?

*डॉक्टरताई, माझी मुलगी आता सतरा आठवड्यांची आहे. जन्मल्यावर, दीड महिन्याला आणि अडीच महिन्यांना पोलिओचे थेंब झाले. दीड महिन्याला थेंबांबरोबर उजव्या दंडावर सुईही टोचली. सासूबाई म्हणतात, आमच्या पोरांना नुसते थेंबच होते, एका रोगाला दोन-दोन लसी कशाला? साडेतीन महिन्यांचा डोस आम्ही गावाला होतो म्हणून तीन आठवडे मागे पडला. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं का? आणि खरी भीती ही की थेंबांत जिवंत विषाणू असतो असं वाचलं. सासऱ्यांची गेल्या महिन्यापासून केमो चालू आहे आणि नात दिवसभर त्यांच्याच मांडीवर असते.*
*– एक आई, इचलकरंजी*

आधी तातडीचं सांगते. पहिल्यापासून काहीही घ्यायचं नाही. राहिलेला डोस येत्या लसीकरणाच्या दिवशी घेऊन टाका. फक्त या वेळी तोंडात थेंब पडायच्या आधी नर्सताईंना केमोचं सांगा. ते का, ते पुढे येतंच.

सासूबाईंवर चिडू नका. त्यांचा प्रश्न चांगला आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग तर आपल्याच देशात, मुरादाबाद आणि वेल्लोरच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून २०१४ साली पक्का झाला. पण तिथे जायच्या आधी दंडावर काय घडतं ते बघू.

तुमच्या मुलीला टोचलेल्या सुईत लस होती फक्त ०.१ मिली, म्हणजे पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. ती स्नायूत नव्हे, कातडीच्या जाडीतच देतात. टोचल्या जागी मसुराएवढा फुगवटा आलेला तुम्हाला आठवत असेल, बीसीजीच्या वेळी येतो तसाच. तो आला म्हणजे लस योग्य थरात गेली, आणि फुगवटा न येता लस सरकन आत गेली तर सुई खोल गेली असं आम्ही समजतो. पाचवा हिस्सा पुरतो याचं कारण कातडीत पहारेकरी पेशी दाटीवाटीने असतात. त्या विषाणूचे तुकडे उचलतात आणि जवळच्या गाठीत, म्हणजे काखेतल्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात.

त्या गाठीत बी-पेशींची गर्दी असते, आणि त्यांच्या पकडीचे नमुने अगणित असतात. बहुतेकांची पकड या विषाणूवर बसतच नाही. ज्या मोजक्यांची कशीबशी बसते त्यांची मग गाठीत तालीम सुरू होते. शब्द मुद्दाम वापरतेय, तुम्ही तालमींच्या मुलखातल्या आहात. या पेशी भराभर विभागतात आणि प्रत्येक विभाजनात पकडीच्या जनुकात छोटे बदल होतात. ज्या पिल्लाची पकड ढिली झाली ते मरतं. ज्याची घट्ट झाली त्याला मदतनीस टी-पेशी खुराक देतात, आणि ते पुन्हा आखाड्यात उतरतं. हा प्रकार एक-दोन दिवस नाही, आठवडे-महिने चालतो.

तालमीतून दोन प्रकारचे गडी बाहेर पडतात. काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडीथोडी प्रतिपिंडं रक्तात सोडत राहतात. दुसऱ्या असतात स्मृतिपेशी. त्या प्रतिपिंडं बनवत नाहीत, नुसत्या फिरत आणि वाट बघत राहतात. खरा विषाणू किंवा लसीचा पुढचा डोस आला की त्या कामाला लागतात. पहिल्या वेळी प्रतिपिंडं दिसायला आठवडा-दोन आठवडे लागले होते. आता तीन ते पाच दिवसांत येतात, जास्त येतात, आणि तालमीतून निवडून आलेली म्हणून घट्ट पकडीची येतात. पोलिओत हे विशेष उपयोगी पडतं, कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून लुळेपणा यायला बहुधा एक ते तीन आठवडे जातात. तेवढ्यात स्मृतिपेशींना सवड मिळते.

आता तुमच्या तीन आठवड्यांच्या उशिराचा हिशेब लागतो. स्मृतिपेशी तारखेला मरत नाहीत. दहाव्या आठवड्यापर्यंत जे शिकवलं गेलं ते सतराव्या आठवड्यातही शाबूत आहे, म्हणून मागचे डोस मोजायचे आणि पुढे जायचं. नुकसान होतं ते उलट घाई केली तर. चार आठवड्यांच्या आत दुसरा डोस दिला तर तालीम अजून अर्धवट असते, आणि आधीच्या डोसाची ताजी प्रतिपिंडं नवी लस झाडून टाकू शकतात. म्हणून आमच्या नियमांत दोन डोसांत कमीत कमी अंतर असतं, जास्तीत जास्त नसतं. सुईचा तिसरा डोस नवव्या महिन्यात ठेवलाय तोही याच हिशेबाने. तोवर पहिल्या दोन डोसांची स्मृती पिकलेली असते, आणि मग तिला डिवचलं की उसळी मोठी येते. उशिराचा तोटा एकच, मधल्या काळात बाळाचं संरक्षण अपुरं राहतं. त्यासाठी जायचं लवकर, पण घाबरून नाही.

बरं, आता जिवंत आणि मेलेली यांतला फरक.

सुईतली लस मेलेली. पोलिओचा खरा रोगकारक विषाणू वाढवतात आणि फॉर्मालिन घालून अंगाच्या उष्णतेएवढ्या तापमानात सुमारे बारा दिवस ठेवतात. त्याचं कवच तसंच राहतं, पण तो वाढू शकत नाही. ही पद्धत साल्क या अमेरिकी शास्त्रज्ञाची. १९५५ साली ती अमेरिकेत वापरात आली, आणि त्याच वर्षी एका कारखान्याच्या काही बॅचमध्ये विषाणू पुरता मेलेला नव्हता म्हणून मुलं लुळी पडली, काही दगावलीही. तेव्हापासून ‘मेला का’ ही तपासणी फार कडक झाली आहे.

थेंबांतली लस जिवंत, पण दुबळी केलेली. सेबिन या दुसऱ्या शास्त्रज्ञाने पोलिओचा विषाणू माकडांच्या पेशींत पुन्हापुन्हा वाढवून असे वाण निवडले, जे आतड्यात वाढतात पण मज्जातंतूंना जवळजवळ त्रास देत नाहीत. पोलिओ विषाणूचं सगळं जनुकीय लिखाण सुमारे ७,४०० अक्षरांचं असतं. सेबिनचा पहिल्या प्रकारचा वाण आणि त्याचा मूळ रोगकारक बाप यांच्यात फरक आहे तो पन्नास-साठ अक्षरांचा. हा आकडा लक्षात ठेवा, सासऱ्यांच्या गोष्टीत तो परत येणार आहे.

वागण्यातला फरक असा. मेलेल्या लसीचा जेवढा माल टोचला तेवढाच, आणि तो दिवसागणिक कमी होत जातो. म्हणून डोस जास्त लागतात. जिवंत लसीचे दोन थेंब ही फक्त सुरुवात असते. विषाणू आतड्याच्या पेशींत शिरतो, काही आठवडे वाढत राहतो, आणि शरीराला धडा रोज नव्याने मिळतो. तो पेशींच्या आत शिरल्यामुळे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशीही शिकतात. मेलेल्या लसीत हा भाग कमकुवत राहतो.

फरक किती खरा आहे ते तुम्हाला तापावरूनही कळेल. या खेपेला बाळाला पेंटाही मिळेल. त्यात डांग्या खोकल्याचे मेलेले जिवाणू असतात, म्हणून ताप आलाच तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची जिवंत लस मिळेल तेव्हा त्या रात्री बहुधा काहीच होणार नाही. ताप किंवा बारीक पुरळ आलं तर एक ते दीड आठवड्याने, कारण दुबळ्या विषाणूला वाढायला तेवढे दिवस लागतात. दरवर्षी चार-दोन आया त्या तापाला ‘नवीन ताप’ समजून येतात, कारण टोचल्याचं विसरून गेलेलं असतं.

आणि साठवणीतून तर मी हा धडा हाताने शिकले. इंटर्न असताना एका उपकेंद्रावर मी स्वतः लसीचा डबा भरला. फ्रीझरमधून काढलेले कडक आइसपॅक तसेच आत लावले आणि पोलिओच्या सुईच्या बाटल्या त्यांना खेटून ठेवल्या. आइसपॅक आधी बाहेर ठेवायचे असतात, हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येईपर्यंत. मी तो आवाज ऐकला नव्हता. दुपारी बाटल्या उघडायला घेतल्या तर त्या गोठलेल्या. सिस्टरनी एक शब्द न बोलता सगळ्या बाजूला काढल्या, आणि दहा बायका लेकरं घेऊन परत गेल्या. मेलेल्या लसीकडे आकाराशिवाय दुसरं भांडवल नसतं. गोठून कवचाचा आकार बिघडला की गाठीतल्या पेशी भलतंच काहीतरी शिकतात. थेंबांचं उलट आहे. ते उणे वीस अंशांत खुशाल राहतात, त्यांना मारते ती उष्णता. त्या बाटलीवर गोलात एक चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, रंग सारखा झाला की फेकायची. नर्सताईंकडे बघायला मागा, कुणी हसणार नाही. गोठण्याबद्दल मात्र हा चौकोन काहीच सांगत नाही.

आता सासूबाईंकडे वळू. एका लसीने का भागत नाही?

सुईने रक्तात प्रतिपिंडं येतात. विषाणू आतड्यातून रक्तात उतरला की ती त्याला मज्जातंतूंपर्यंत पोचू देत नाहीत, म्हणजे मूल लुळं पडत नाही. पण काखेतल्या गाठीत शिकलेल्या पेशींना आतड्याचा पत्ता ठाऊक नसतो. त्या तिकडे फारशा जात नाहीत. म्हणून विषाणू तोंडावाटे आला तर आतड्यात मजेत वाढतो आणि शौचातून बाहेर पडतो. मूल ठणठणीत, पण गटार दूषित.

इस्रायलमध्ये २०१३ साली नेमकं हेच घडलं. तिथे २००५ पासून थेंब बंद करून फक्त सुई देत होते, आणि लसीकरण जवळजवळ सगळ्या मुलांचं होत होतं. दक्षिणेकडच्या राहात या गावाच्या सांडपाण्यात पहिल्या प्रकारचा अस्सल पोलिओ विषाणू सापडला, मग इतर ठिकाणीही. एकही मूल लुळं पडलं नाही. सुईने आपलं काम चोख केलं होतं. पण विषाणू महिनोन् महिने एका पोटातून दुसऱ्या पोटात फिरत राहिला. शेवटी ऑगस्टपासून मुलांना पुन्हा थेंब पाजायला लागले.

थेंब आतड्यातच धडा देतात. तिथल्या गाठींत तयार झालेल्या पेशींवर आतड्याचा पत्ता कोरलेला असतो, आणि त्या आतड्याच्या अस्तरावर वेगळ्या जातीची प्रतिपिंडं सोडतात. विषाणू तिथेच अडतो. मग फक्त थेंबच का नकोत? कारण आपल्याकडच्या मुलांच्या पोटात थेंब नीट लागत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉ. टी. जेकब जॉन हे फार आधीपासून सांगत होते. पोटात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून असतात, जुलाब असतात, आणि लसीच्या विषाणूला जागाच मिळत नाही. उत्तर प्रदेशात तर एका डोसाचं संरक्षण इतकं कमी भरायचं की दहा-दहा डोस घेतलेली मुलंही सापडायची ज्यांना पोलिओ झाला. तुमच्या सासूबाईंना घरोघरी येऊन पुन्हापुन्हा पाजणाऱ्या बाया आठवत असतील, त्याचं कारण हेच. शिवाय थेंबांची आतड्यातली राखण महिन्यांत ओसरायला लागते.

आणि आता मुरादाबाद. तिथे ज्यांना थेंबांचे अनेक डोस आधीच झाले होते अशा सुमारे हजार मुलांचे गट केले. काहींना एक सुई दिली, काहींना आणखी एक थेंबांचा डोस, काहींना काहीच नाही. चार आठवड्यांनी सगळ्यांना थेंब पाजले आणि कुणाच्या शौचातून किती विषाणू पडतो ते तपासलं. एक प्रकारे मुद्दाम घेतलेली परीक्षाच. सुई मिळालेल्या मुलांत विषाणू टाकणाऱ्यांचं प्रमाण वयोगटाप्रमाणे ३९ ते ७६ टक्क्यांनी कमी निघालं. नुसत्या थेंबांच्या आणखी एका डोसाने एवढं साधलं नाही. वेल्लोरच्या अभ्यासातही कौल तोच आला.

गंमत बघा. नुसती सुई आतड्याला काही शिकवत नाही, पण थेंबांनी आधी शिकवलेल्या आतड्यात तीच सुई थेंबांपेक्षा सरस ठरते. याचा मेळ स्मृतिपेशींनी बसतो. थेंबांनी तयार केलेल्या, आतड्याचा पत्ता अंगावर असलेल्या स्मृतिपेशी शरीरात फिरत असतात. दंडातून आलेला मेलेला विषाणू त्यांना जागं करतो आणि त्या पत्त्याप्रमाणे थेट आतड्यात जाऊन कामाला लागतात. थेंब दिलेले असतील तर पोटात दुसरे विषाणू असोत की जुलाब, सुईला काही अडत नाही, कारण ती पोटात जातच नाही.

सासूबाईंच्या काळच्या आणि आताच्या थेंबांतही एक फरक आहे. पोलिओचे प्रकार तीन. जुन्या थेंबांत तिन्ही असायचे. एप्रिल २०१६ पासून थेंबांतला दुसरा प्रकार काढून टाकला, आता त्यात पहिला आणि तिसरा एवढेच आहेत. दुसऱ्या प्रकारापासून तुमच्या मुलीचं रक्षण करणारी फक्त सुई. थेंब झालेत म्हणून सुई टाळली तर एक दार उघडंच राहतं.

दुसरा प्रकार का काढला हे कळलं की सासऱ्यांचं उत्तरही मिळतं. ती पन्नास-साठ अक्षरं आठवा. दुबळा विषाणू आतड्यात वाढताना त्याची नक्कल करण्यात चुका होतात, आणि एखाद्या चुकीत बदललेलं अक्षर पुन्हा मुळावर जातं. निरोगी बाळात काही आठवड्यांत विषाणू संपतो, म्हणून बहुतेक वेळा यातून काही होत नाही. क्वचित, सुमारे २७ लाख पहिल्या डोसांमागे एका मुलाला, लसीच्याच विषाणूने लुळेपणा येतो. जिथे पुष्कळ मुलं लसीवाचून राहिलेली असतात तिथे हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे महिनोन् महिने फिरतो आणि फिरता फिरता जुना जोर परत मिळवतो. असे बहुतेक उद्रेक दुसऱ्या प्रकाराचे होते, आणि त्या प्रकाराचा जंगली विषाणू तर १९९९ नंतर जगात कुठेच सापडला नव्हता. म्हणून तो थेंबांतून गेला.

ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याच्या शरीरात दुबळा विषाणूही जास्त काळ मुक्काम करू शकतो आणि बदलायला त्याला वेळ मिळतो. केमो घेणारे सासरे या वर्गात येतात. म्हणून अशा घरातल्या बाळाला थेंबांऐवजी सुईची पोलिओ लस द्यायची, हा आमच्या क्षेत्रातला जुना सल्ला आहे. सरकारी केंद्रातली कातडीतली सुई आता जरूर घ्या. थेंबांच्या बदल्यात ०.५ मिलीची पूर्ण सुई हवी का, हे बालरोगतज्ज्ञ आणि सासऱ्यांचे कॅन्सरचे डॉक्टर यांना विचारून ठरवा. मुलीला थेंबांचे तीन डोस झालेले आहेत, म्हणजे आतड्याची ओळखपरेड बरीचशी उरकली आहे. मुरादाबादच्या मुलांसारखीच ती आता सुईचा दुहेरी फायदा घेण्याच्या स्थितीत आहे, त्यामुळे थेंब थांबले म्हणून हळहळू नका. पल्स पोलिओच्या दिवशी दारात कुणी आलं तर त्यांनाही हेच सांगा.

सात आठवड्यांपूर्वीच्या थेंबांचं काय, म्हणाल. दहाव्या आठवड्यात दिलेला विषाणू शौचातून साधारण महिना-दीड महिना पडतो. तो काळ सरला आहे किंवा सरतच आला आहे. या खेपेला रोटाव्हायरसचेही थेंब असतील. तीही जिवंत लस आहे, पण घरात केमो आहे म्हणून बाळाची रोटा टाळत नाहीत. फक्त पुढचा महिनाभर लंगोट सासऱ्यांनी बदलायचा नाही, आणि जो बदलेल त्याने साबणाने हात धुवायचे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला जिवंत असली तरी टोचलेल्या बाळाकडून ती घरच्यांना लागत नाही. तीत बिनदिक्कत पुढे जा.

सासऱ्यांना स्वतःला मात्र केमो चालू असेपर्यंत कुठलीही जिवंत लस नको. फ्लूची टोचायची लस मेलेली असते, ती त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेता येईल.

नात मांडीवर बसू दे. लंगोट तेवढा दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि नवव्या महिन्याची पोलिओची सुई डाव्या दंडावर असते, उजव्या नाही, तेव्हा ‘चुकीच्या हाताला टोचलं’ म्हणून नर्सताईंशी भांडू नका.